'माय गोइंग' की 'मी गोइंग'? सिनियरनी प्रतिज्ञापत्रात सगळीकडे अपॉस्ट्रॉफी घातलीय

काळाकोट_ज्युनियर

नमस्कार मंडळी. मी नागपूर खंडपीठात नवखा वकील. कंपाउंड वॉलच्या वादात अशिलाचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार केलं आणि सिनियरकडे दिलं. परत आलं ते लाल शाईत न्हाऊन. कायद्याचा मुद्दा एकही बदललेला नाही, बदललं ते फक्त 'आयएनजी'च्या आधीचं नाम किंवा सर्वनाम. चार जागा देतो. (इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितो. 'मी' दिसलं तर ते इंग्रजीतलं समजा, आपलं नव्हे.)

पॅरा ४. माझं वाक्य: 'द रिस्पॉन्डंट वॉज अवेअर ऑफ मी व्हिजिटिंग द साइट.' साहेबांनी 'मी' खोडून 'माय' केलं.

पॅरा ६. माझं: 'आय सॉ द रिस्पॉन्डंट रिमूव्हिंग द फेन्स.' साहेबांनी रिस्पॉन्डंटला अपॉस्ट्रॉफी-एस लावला.

पॅरा ९. माझं: 'देअर इज अ रिस्क ऑफ द वॉल कोलॅप्सिंग.' इथे वॉललाही अपॉस्ट्रॉफी-एस.

पॅरा ११. माझं: 'डिस्पाइट द ओनर्स ऑफ प्लॉट्स फोर्टीन अँड फिफ्टीन ऑब्जेक्टिंग.' आता अपॉस्ट्रॉफी कुठे लावायची? साहेबांनी फिफ्टीनला लावली!

साहेब म्हणतात, "फॉर्मल इंग्रजीत जेरंडच्या आधी पझेसिव्ह, विषय संपला." पॅरा ४ मला पटतं. बाकीचं वाचताना दातात खडा येतो. सोमवारी नोटरीकडे जायचंय. जाणकारांनी सांगावं.

बर्डीवाला

आमच्याकडे 'मी जाऊन राह्यलो' म्हणतात बाप्पा. याच्यात जेरंड कुठी बसते ते सांगा आधी, मंग पुढचं बोलू.

महालच्या_बाई

बर्डीवाला, वर्गात असतास तर बाकावर उभं केलं असतं.

काळाकोट, तुझे साहेब बरोबर आहेत. मी सीताबर्डीच्या शाळेत बरीच वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. रेन अँड मार्टिनमध्ये नियम स्पष्ट आहे: जेरंड म्हणजे नाम, आणि नामाच्या आधी 'माय', 'हिज', 'देअर' येणार. 'मी बुक' म्हणतोस का? नाही ना? मग 'मी गोइंग' कसं चालेल? हल्लीच्या मुलांना मालिकांमधून ऐकून 'मी गोइंग' सवयीचं झालंय, एवढंच. चारही दुरुस्त्या ठेव.

एसएससी_वाला_पोट्टा

बाईंशी सहमत. आमचे क्लासचे सर म्हणतात की एरर स्पॉटिंगमध्ये 'हिम कमिंग' दिसलं की डोळे मिटून तोच पार्ट टिक करायचा. मार्क पक्का.

दुसरी_बाजू

डोळे मिटून टिक करणाऱ्यांसाठीच परीक्षक 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड' हे वाक्य टाकतात. तिथे 'हिम' बरोबर आहे. 'हिज' केलंत की मार्क गेला.

मी कायद्याच्या कागदपत्रांचं भाषांतर आणि संपादन करतो, त्यामुळे हा घोळ रोज हातात येतो. बाईंचा नियम खरा आहे, पण तो लागू कुठे होतो हे आधी ठरवावं लागतं. आयएनजीवालं प्रत्येक रूप जेरंड नसतं.

मी एक साधी गोष्ट करतो. आयएनजीपासून पुढचं सगळं झाकतो आणि उरलेलं वाक्य त्याच अर्थाचं राहतं का ते पाहतो.

पॅरा ६ घ्या. 'आय सॉ द रिस्पॉन्डंट.' खरं आहे? खरं आहे. साक्षीदाराने त्या माणसाला पाहिलं, आणि तो त्या वेळी कुंपण काढत होता. म्हणजे पाहिलं ते माणसाला, 'रिमूव्हिंग' हे त्याच्याबद्दलचं जास्तीचं वर्णन. इथे अपॉस्ट्रॉफी चूक आहे. सॉ, हर्ड, वॉच्ड, फाउंड, कॉट, या सगळ्या क्रियापदांनंतर हेच. 'दे कॉट हिम स्टीलिंग' म्हणतात, 'हिज स्टीलिंग' कोणी पकडत नाही.

आता पॅरा ४. 'द रिस्पॉन्डंट वॉज अवेअर ऑफ मी.' अर्थ बदलला! त्याला तुम्ही अस्तित्वात आहात हे माहीत असण्याचा इथे संबंध नाही. त्याला तुमचं साइटवर जाणं माहीत होतं. म्हणजे मुद्दा माणसाचा नाही, कृतीचा आहे. इथे फॉर्मल लेखनात 'माय' हवं. साहेब बरोबर.

काळाकोट_ज्युनियर

वा, हे झाकून बघणं आवडलं. पण पॅरा ९ झाकला तर 'रिस्क ऑफ द वॉल' उरतं, त्याला काही अर्थ नाही. म्हणजे तिथे अपॉस्ट्रॉफी हवी? साहेब जिंकले?

दुसरी_बाजू

नाही. झाकून पाहिल्याने एवढंच कळतं की पझेसिव्ह शक्य आहे. तो लावायलाच हवा असं त्यातून निघत नाही. सर्वनाम असेल तर फॉर्मल लेखनात लावा, कारण 'माय' आणि 'हिज' सुटसुटीत आहेत आणि वाचणाऱ्याला खटकत नाहीत. माणसाचं एकेरी नाव असेल तर तुमच्या मर्जीवर. पण निर्जीव वस्तू, भाववाचक नामं, लांबलचक शब्दसमूह यांना तो लावत नाहीत. 'रिस्क ऑफ द वॉल कोलॅप्सिंग' हेच शुद्ध आणि फॉर्मलही. 'धिस', 'सम', 'एनी ऑफ अस' यांनाही अपॉस्ट्रॉफी धड बसत नाही, त्यामुळे 'विदाउट एनी ऑफ अस नोइंग' असंच लिहितात.

आणि एक गंमत. पॅरा ९ कोर्टात मोठ्याने वाचून पाहा. 'वॉल्स कोलॅप्सिंग.' ऐकणाऱ्याला एक भिंत पडतेय की चार?

स्टेनो_सदर

या शेवटच्या ओळीवर मी बोलणारच! डिक्टेशन घेण्यात आयुष्य गेलं. 'पार्टीज अपिअरिंग' असं साहेब बोलतात. यात पार्टीज साधं अनेकवचन आहे की अपॉस्ट्रॉफीवालं, हे कानाला कळतच नाही. उच्चार एकच. मग ठरवतं कोण? टंकलेखन करणारा! मी अपॉस्ट्रॉफी टाकत नसे. कुणी लाल केलं तर टाकत असे. पुढच्या साहेबांनी तीच खोडली की काढत असे. नियम काय तो साहेबांच्या बदलीबरोबर बदलायचा.

पॅरा ११ मध्ये फिफ्टीनला अपॉस्ट्रॉफी लावली, तर आक्षेप मालकांनी घेतला की प्लॉट नंबर पंधराने?

बर्डीवाला

प्लॉट नंबर पंधराले पक्षकार करा. समन्स बजावायले सोपं, जाग्यावरून हलत नाही.

निवृत्त_आणि_निवांत

विषय निघालाच आहे तर माझं काम करून घेतो. नातू त्याच्या आईबरोबर कॅनडाला चालला आहे, आणि मुलाला ना-हरकत पत्र लिहून द्यायचंय. त्याने लिहिलंय: 'आय हॅव नो ऑब्जेक्शन टू माय सन ट्रॅव्हलिंग विथ हिज मदर.' हे 'सन्स ट्रॅव्हलिंग' करायचं का? व्हिसावाले अपॉस्ट्रॉफीवरून अर्ज परत करतात का हो?

महालच्या_बाई

करा. 'नो ऑब्जेक्शन टू माय सन' झालं तर मुलावरच आक्षेप नाही असा अर्थ होतो. दुसरी_बाजू यांचीच पद्धत लावून सांगतेय!

दुसरी_बाजू

बाई, सापळा छान लावलात. पद्धतीप्रमाणे 'सन्स' शक्य आहे, आणि अगदी कडक फॉर्मल लेखनात तेच लिहिणारेही आहेत. पण अशा पत्रांत अपॉस्ट्रॉफीशिवायचंच रूप सर्रास दिसतं आणि त्यात कोणालाही चूक वाटत नाही. निवांत साहेब, आहे तसं ठेवा. फक्त पुढे सर्वनाम आलं आणि 'नो ऑब्जेक्शन टू हिम ट्रॅव्हलिंग' लिहायची वेळ आली, तर तिथे 'हिज' करा.

महालच्या_बाई

म्हणजे सर्वनामाला एक न्याय आणि नामाला दुसरा? हे व्याकरण झालं की पंक्तिप्रपंच?

दुसरी_बाजू

पंक्तिप्रपंच तर आहेच, आणि त्यावर शंभर वर्षांपूर्वी मोठं भांडण झालेलं आहे. इंग्लंडमधल्या फाउलर बंधूंनी 1906 मध्ये अपॉस्ट्रॉफीशिवायच्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव ठेवलं. थोरल्या फाउलरने 1926 च्या आपल्या कोशात तिच्यावर पुन्हा तोफ डागली. त्याची तक्रार ऐकण्यासारखी आहे. समजा, 'टेनंट्स पेइंग लेट इज अ प्रॉब्लेम' असं वाक्य आहे. क्रियापद 'इज', एकवचनी. मग कर्ता कोण? 'टेनंट्स' नाही, ते अनेकवचनी आहेत. नुसतं 'पेइंग' म्हणावं तर 'टेनंट्स' हा शब्द वाक्यात कशाच्या आधाराने उभा आहे? दोन्ही वितळून एक झालेत असं मानावं लागतं, आणि त्याला ते मंजूर नव्हतं. जिथे अपॉस्ट्रॉफी लावता येत नाही तिथे वाक्यच दुसऱ्या पद्धतीने लिहा, असा त्याचा सल्ला होता.

त्याच वर्षी डेन्मार्कचा व्याकरणकार येस्पर्सन याने उत्तर दिलं. त्याने जुन्या, नामवंत लेखकांची उदाहरणं पुढे ठेवली आणि दाखवलं की ही रचना वर्तमानपत्रवाल्यांचा आळस नाही, ती भाषेत आधीपासून रुळलेली आहे. 1965 मध्ये गॉवर्सने फाउलरचा कोश सुधारला, तेव्हा या नियमाची धार बरीच कमी झाली होती. बाई, तुम्ही शिकवलात तो नियम खोटा नव्हता. पण तुमच्या साहेबांनी, म्हणजे काळाकोटच्या साहेबांनी, तो भिंतीलाही लावला हे जरा जास्तच झालं.

विदर्भकन्या

थोडं वेगळं विचारते. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'? ऑफिसात सगळे 'मीट' लिहितात.

स्टेनो_सदर

'मीटिंग.' पण ताई, तो प्रश्न 'टू'चा आहे, या धाग्याचा नाही. वेगळा धागा काढा, तिथेही भांडू.

शब्दांकित

मराठीत विचार केला की हा प्रश्न चटकन सुटतो असं मला वाटतं. मराठीत '-ताना' आलं की इंग्रजीत साधं रूप: 'मी त्याला कुंपण काढताना पाहिलं.' '-णं' आलं की पझेसिव्ह: 'त्याचं तिथे जाणं मला आवडलं नाही.' आपल्याला 'चा-ची-चे' जन्मतःच येतं. इंग्रजी माध्यमवाल्यांनाच अडचण.

ओळीबाहेरचा

शब्दांकित, '-ताना'चा भाग चोख आहे, पॅरा ६ त्यात बसतो. पण दुसरा भाग लगेच मोडतो. 'भिंत पडण्याची भीती' म्हणता की 'भिंतीच्या पडण्याची भीती'? 'पाऊस पडण्याची शक्यता' की 'पावसाच्या पडण्याची'? '-णं' आहे, पण 'चा' गायब. म्हणजे निर्जीव कर्त्याला पझेसिव्ह नको, हे आपणही इंग्रजीसारखंच पाळतो. साहेबांना पॅरा ९ मराठीत म्हणून दाखवा, कानालाच कळेल.

आणि खरी अडचण पॅरा ४ मध्ये आहे. 'मी साइटवर गेल्याचं त्याला माहीत होतं.' इथे आपण 'माझ्या गेल्याचं' म्हणत नाही! मराठीवरून गेलात तर नेमक्या त्याच वाक्यात 'मी' लिहाल जिथे इंग्रजीला 'माय' हवंय. काळाकोटने बहुधा तसंच लिहिलं असावं.

त्यात आपल्याकडे तिसराही प्रकार आहे. 'त्याने राजीनामा देणं योग्य ठरेल' आणि 'त्याचं राजीनामा देणं सर्वांना खटकलं.' पहिल्यात राजीनामा अजून दिलेला नाही, दुसऱ्यात देऊन झालाय. आणि 'मी येण्याआधी', 'माझ्या येण्याआधी' ही दोन्ही रूपं तर आपण एकाच दिवसात वापरतो. तेव्हा मराठी हाताशी असावी, पण तिच्या भरवशावर सही करू नये.

शब्दांकित

'मी गेल्याचं' हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पण 'माझं जाणं त्याला माहीत होतं' असंही म्हणता येईल की.

ओळीबाहेरचा

म्हणता येईल, पण बोलतं कोण तसं? प्रतिज्ञापत्राच्या भाषांतरातच दिसेल.

खासगी_मत

मी दिवाणी बाजूला बरीच वर्षं काढली. व्याकरण बाजूला ठेवून व्यवहाराचं सांगतो. पॅरा ४ मध्ये 'मी' की 'माय' यावर तुम्ही सगळे झगडताय, पण त्या वाक्याचा खरा दोष वेगळाच आहे. 'अवेअर ऑफ माय व्हिजिटिंग द साइट.' भेट कधी दिली? एकदा की वारंवार? रिस्पॉन्डंटला भेटीच्या आधी कळलं की नंतर? आयएनजीवाल्या रूपात काळ नसतो, तो सगळं गिळून टाकतो. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला हात तिथेच घालेल.

प्रतिज्ञापत्रात असं वाक्य मोडून 'दॅट' लावायचं: 'द रिस्पॉन्डंट न्यू दॅट आय हॅड व्हिजिटेड द साइट', आणि पुढे तारीख. पझेसिव्हचा प्रश्नच उरत नाही आणि पुरावा पक्का होतो. पॅरा ११ चंही तेच. 'ऑल्दो द ओनर्स ऑफ प्लॉट्स फोर्टीन अँड फिफ्टीन ऑब्जेक्टेड.' फिफ्टीनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पॅरा ६ ला मात्र हात लावू नका, पण अपॉस्ट्रॉफी आधी काढा. 'आय सॉ द रिस्पॉन्डंट रिमूव्हिंग' म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पाहिलेलं कृत्य. तुमचा अख्खा दावा त्या एका वाक्यावर उभा दिसतोय. अपॉस्ट्रॉफी लावून ते उगाच अडखळतं झालं, की विचारणारा विचारेल: तुम्ही त्याला काढताना पाहिलंत, की काढून टाकलेलं कुंपण पाहिलंत?

दुसरी_बाजू

याला पूर्ण अनुमोदन. फाउलरचाही सल्ला शेवटी हाच होता, फक्त त्याच्या डोळ्यासमोर उलटतपासणी नव्हती. एक भर घालतो. सगळीकडे 'दॅट' चालत नाही. 'ही ऑब्जेक्टेड टू माय व्हिजिटिंग' यात तो लावला तर त्याने हरकत घेताना काय म्हटलं, तिकडे अर्थ झुकतो. तिथे पझेसिव्हच ठेवा. 'प्रिव्हेंटेड' असेल तर 'प्रिव्हेंटेड मी फ्रॉम व्हिजिटिंग' लिहा. मध्ये 'फ्रॉम' आलं की 'मी'च, 'माय' चालत नाही. ज्युनियर मंडळी नियमाच्या भरात तिथेही 'माय' घालतात.

एसएससी_वाला_पोट्टा

म्हणजे परीक्षेत काय टिक करू ते कोणीतरी सांगा ना!

दुसरी_बाजू

सर्वनाम असेल, आधी 'टू', 'ऑफ', 'अबाउट' असेल आणि कृतीबद्दल बोलणं असेल, तर पझेसिव्ह टिक करा. आधी पाहणं, ऐकणं, पकडणं असेल तर साधं रूप. नाम असेल तर पर्याय नीट वाचा आणि दुसरी एखादी ठळक चूक शोधा. बहुतेक वेळा ती तिसऱ्या पार्टमध्ये दडलेली असते.

एसएससी_वाला_पोट्टा

क्लासचे सर हे सांगत नाहीत. धन्यवाद सर.

बर्डीवाला

सरायले सांगशील तर फी परत मागू नको बे.

निवृत्त_आणि_निवांत

मी पत्र आहे तसं ठेवून सही करायला सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एजंटाने छापील नमुना दिलाय, त्यात नुसती नावं भरायची आहेत." नमुन्यातही 'सन ट्रॅव्हलिंग'च आहे.

महालच्या_बाई

छापील नमुन्यात आहे म्हणून ते शुद्ध ठरत नाही.

काळाकोट_ज्युनियर

सर्वांचे आभार. आज साहेबांकडे बसलो. पॅरा ४ आणि ११ खासगी_मत यांनी सांगितलं तसे मोडून नेले. साहेबांनी वाचले आणि मान डोलावली, बोलले काही नाहीत. तारीख मागितली, ती टाकली. पॅरा ९ त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला, 'वॉल्स कोलॅप्सिंग'. त्यांनी स्वतःच विचारलं, "किती भिंती आहेत?" आणि अपॉस्ट्रॉफी खोडली.

पॅरा ६ वर मात्र अडले. "सॉ हिज रिमूव्हिंग असं आम्ही शिकलोय" म्हणाले. मी 'कॉट हिज स्टीलिंग' म्हणून दाखवलं, तर म्हणाले ते क्रियापद वेगळं. शेवटी 'सॉ द रिस्पॉन्डंट ॲज ही वॉज रिमूव्हिंग द फेन्स' यावर तडजोड झाली. अर्थ शाबूत राहिला ना?

खासगी_मत

राहिला. उलट जास्त घट्ट झाला. जा नोटरीकडे.

स्टेनो_सदर

पण माझं 'पार्टीज अपिअरिंग' तसंच राहिलं. तिथे काय लिहू ते कोणी बोललंच नाही.

दुसरी_बाजू

मी अपॉस्ट्रॉफी टाकणार नाही.

महालच्या_बाई

मी टाकेन, आणि न टाकणाऱ्याचा अर्धा मार्क कापेन.